गोधडीतले टाके आणि साखरेची पिशवी

आमच्या नाट्यगटातल्या एका मैत्रिणीनं एका जुन्या मालिकेच्या भागाचं रेकॉर्डिंग आणून दिलं आणि म्हणाली, "ह्याची एकांकिका करू या. पण मूळ लेखक कोण ते आधी शोध. नाव न टाकता प्रयोग करायचा नाही." रेकॉर्डिंगची सुरुवात कापली गेली होती. शेवटी पडद्यावर पटकथाकाराचं नाव येत होतं आणि त्याखाली फक्त "एका कथेवर आधारित" एवढंच. कोणाची कथा, ते नव्हतंच.

भागाची गोष्ट थोडक्यात सांगते. एका शेतकऱ्याचा झोपेतच दोरीनं गळा आवळून खून झालाय आणि संशयावरून त्याच्या बायकोला अटक झालीय. पुरुषमंडळी पुरावा शोधायला माडीवर आणि गोठ्यात फिरतात. दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात, कारण अटकेतल्या बाईला तिचे कपडे नेऊन द्यायचे आहेत. तिथे त्यांना अर्धवट शिवलेली गोधडी सापडते. सगळे टाके सारखे, पण शेवटचा तुकडा वेडावाकडा शिवलेला. मग दार मोडलेला पिंजरा सापडतो आणि एका सुंदर डबीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान पिरगाळलेला पक्षी. बायका एकमेकींकडे बघतात आणि डबी लपवतात.

मी सुरुवात केली ती पटकथाकाराच्या नावावरून, आणि दोन दिवस त्यातच गेले. ते चुकलंच. पटकथा लिहिणारा मूळ गोष्टीचा मालक असतोच असं नाही. श्रेयनामावलीत "कथा" एवढाच शब्द असेल तरी जपून राहावं लागतं, कारण पुष्कळदा त्याचा अर्थ पडद्यासाठी नव्यानं रचलेलं कथानक असा असतो. "अमुक यांच्या कथेवरून" किंवा "आधारित" असं आलं, तरच आधी छापलेलं काहीतरी आहे असं धरून चालायचं.

नंतर गोष्टीचा सारांश दोन-तीन वाचकमित्रांना सांगितला. एकानं लगेच छातीठोक सांगितलं, "ही रोआल्ड डालची 'लँब टू द स्लॉटर'." तो चुकला, पण का चुकला ते कळण्यासारखं आहे. तिथेही बायको नवऱ्याला मारते, तिथेही स्वयंपाकघर आहे आणि पोलिसांना पुरावा दिसत नाही. त्यात भर म्हणजे ती कथा हिचकॉकच्या दूरचित्रवाणी मालिकेत 1958 साली आली होती आणि मी शोधत होते ती गोष्टही त्याच मालिकेत 1961 साली एक भाग होऊन गेली होती. पण डालच्या कथेत बायको सतत समोर असते, आणि ज्यानं खून झाला ते गोठलेलं मांस पोलीसच खाऊन टाकतात. आमच्या भागात आरोपी बाई एकदाही दिसत नाही. नुसतं "बायकोनं नवऱ्याला मारलं, पुरावा सापडला नाही" एवढ्यावर शोधलं की अशा वीस गोष्टी हाती लागतात.

म्हणून मी वही घेतली आणि भाग पुन्हा पाहिला. रूपांतर करणारा नावं बदलतो, गाव बदलतो, काळसुद्धा बदलतो. पण ज्या वस्तूवर गोष्ट उभी आहे ती त्याला सहसा बदलता येत नाही, कारण ती काढली की गोष्टच कोसळते. मी एवढंच लिहिलं: बिघडलेले टाके, मान पिरगाळलेला पक्षी, न दिसणारी आरोपी, आणि शेवटचा प्रश्न. वकील बायकांना थट्टेनं विचारतो की ती बाई गोधडी कशी पुरी करणार होती, आणि एक बाई उत्तर देते, "गाठी मारून." दोरीच्या गाठीवरून त्या उत्तराला जो अर्थ येतो, तो अंगावर शहारे आणणारा आहे.

ह्या चार गोष्टी एकत्र टाकून शोधल्यावर लेखिका लगेच सापडली: सुझन ग्लास्पेल. काम संपलं असं मला वाटलं, पण इथेच खरा पेच होता. तिनं ही गोष्ट दोनदा लिहिली आहे. आधी 'ट्रायफल्स' ही एकांकिका, जिचा पहिला प्रयोग 1916 साली प्रॉव्हिन्सटाउनला झाला. आणि मग 1917 साली तीच गोष्ट कथेच्या रूपात, 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' ह्या नावानं. तरुणपणी वार्ताहर असताना आयोवामधल्या एका खटल्याच्या बातम्या तिनं दिल्या होत्या, त्यातून हे बीज आलं. त्या खऱ्या घटनेत शेतकऱ्याला कुऱ्हाडीनं मारलं होतं. दोरी तिनं आणली. त्यामुळे कोणी नुसतं "सत्यघटनेवर आधारित" म्हटलं, तर दोरी आणि गाठ हीच तिच्या हाताची खूण धरायची.

आता आमचा भाग कशावरून, एकांकिकेवरून की कथेवरून? पडद्यावर "कथा" लिहिलंय म्हणून कथाच, असं मी मानलं नाही, कारण तो शब्द नाटकासाठीही सैल वापरला जातो. पक्षी, टाके, गाठ दोन्हीकडे आहेत. त्यांच्यावरून लेखिका कळते, उगम कळत नाही. उगमासाठी फक्त एकाच ठिकाणी असलेलं काहीतरी हवं.

दोन्ही मजकूर इंटरनेटवर मोफत मिळतात. एका रात्री ओळीला ओळ लावून वाचले. एकांकिका सुरू होते तीच खून झालेल्या घराच्या स्वयंपाकघरात. कथा मात्र शेजारणीच्या घरी सुरू होते: तिचं अर्धं पीठ चाळून झालंय, अर्धं तसंच आहे आणि तिला घाईनं बोलावणं येतं. आमचा भागही शेजारणीच्या घरूनच सुरू होतो, ते रेकॉर्डिंगमध्ये उरलेल्या पहिल्या मिनिटात दिसतं. तरी मी थांबले नाही. बंद खोलीतलं नाटक कॅमेऱ्यासाठी बाहेर काढताना पटकथाकार स्वतःच असा प्रसंग घालतो.

खात्री पटली ती साखरेनं. खुनाच्या घरात बाईचं काम अर्धवट सुटलेलं दिसतं. एकांकिकेत डब्याबाहेर राहिलेला पाव आहे. कथेत पावाऐवजी साखरेचं भांडं आहे, झाकण उघडं आणि शेजारी अर्धी भरलेली कागदी पिशवी. ते बघून शेजारणीला स्वतःचं अर्धवट चाळलेलं पीठ आठवतं. भाग थांबवून थांबवून पाहिला. अकराव्या मिनिटाला, फळीवर, उघडं भांडं आणि वर दुमडलेली पिशवी. त्या बाईचा हात पिशवीपर्यंत जातो आणि थबकतो. इतका बारीक तपशील योगायोगानं जुळत नाही. कथा समोर होती, हे नक्की. पटकथाकारानं एकांकिकाही वाचली असेल, ते मात्र ह्यावरून नाकारता येत नाही.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एकांकिका लेखिकेनं स्वतःच लिहून ठेवलीय! मग पटकथेला हात लावायलाच नको." आम्ही 'ट्रायफल्स'चाच अनुवाद करायला घेतला. तालमीत पाव हाताळताना शेजारणीचं काम करणारी नटी मात्र अडायची. तिला साखरेची पिशवी हवी होती, ती भागात पाहिल्यापासून तिच्या डोक्यात बसली होती. शेवटी रंगमंचावर पिशवी आली. त्यामुळे जाहिरातीवर लेखिकेच्या नावाखाली एक ओळ वाढली: मूळ एकांकिका 'ट्रायफल्स', एक प्रसंग 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' ह्या कथेवरून.