नाही म्हणायची रीत

दुपारी मागचं आवरून जरा टेकले, तर मोबाइलवर एकाच रविवारची दोन आमंत्रणं येऊन पडलेली. सासरच्या आत्यांकडे सत्यनारायण, आणि मैत्रिणींचं सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जायचं. लेकीची सोमवारी परीक्षा, त्यामुळे दोन्हीकडे नकारच. मैत्रिणीला तिथल्या तिथे लिहून टाकलं, 'नाही येत गं. गणित मानगुटीवर बसलंय. माझ्या वाटचं मडक्यातलं दही तू खा.' तिचं उत्तर, 'मर मग घरी.' विषय संपला.

आत्यांना असं लिहून चालत नाही. फोनच करावा लागतो, आणि तोही त्यांची वामकुक्षी, चहा आटोपल्यावर. आधी गुडघे कसे आहेत, मग गुरुजी कोण येणार, शिरा सव्वा किलोचा का अडीच. एवढं झाल्यावर हळूच कारण काढायचं. कारण सांगून झालं की वाक्यातून स्वतःला काढून घ्यायचं. 'मी येणार नाही' असं आत्यांना कोण म्हणेल? 'या खेपेला येणं होईलसं वाटत नाही हो.' जणू येणं ही पावसासारखी आपल्या हातात नसलेली गोष्ट! मैत्रिणीकडे 'नाही' पहिल्याच शब्दात येतं आणि कारण आलं तर आलं. आत्यांकडे कारण आधी चालत येतं आणि 'नाही' बिचारं दाराआडच उभं राहतं.

यात एक धोका असतो. कारण सोडवता येण्याजोगं असलं, तर वडीलधारी माणसं ते सोडवतात. 'अगं, तिला घेऊन ये की, माडीवर बसून करील अभ्यास.' आता काय बोलणार? आणि घाबरून 'बरं, बघते' म्हटलं तर आपलं पान मांडलंच म्हणून समजा. पुढे वर्षभर 'आम्ही वाट बघितली हो' ऐकायचं. म्हणून नकाराबरोबर माणूस पाठवायचा असतो. 'संध्याकाळी प्रसादाला हे येऊन जातील.' त्यातून सत्यनारायण. प्रसाद न घेणाऱ्या तुंगध्वज राजाचं काय झालं, हे पाचव्या अध्यायात सगळ्यांनीच ऐकलंय.

हे माणूस पाठवणं आजोबांचं. त्यांच्याकडे लग्नाची अक्षत घेऊन लोक यायचे. आजोबा अक्षत घ्यायचे, चहा द्यायचे, मुलीकडची माणसं कुठली ते विचारायचे आणि निघताना म्हणायचे, 'प्रकृतीचं काही सांगता येत नाही, पण घरातलं कुणीतरी नक्की येईल.' ते कुणीतरी पुष्कळदा मी असे. फ्रॉकच्या खिशात एकावन्न रुपयांचं पाकीट, आणि वाटेत ते दहादा चाचपायचं. लग्नघरी 'आण्णांची नात आली' म्हणत मला मोठ्यांच्या पंगतीत बसवायचे. तिथे जिलबी घेऊन येणाऱ्या काकांना नको म्हणणं हे आणखी वेगळंच प्रकरण. नुसतं 'नको' कुणी ऐकतच नाही. दोन्ही हातांनी पान झाकून त्यावर ओणवं व्हावं लागतं. तरी एक जिलबी बोटांच्या फटीतून पानात पडतेच. मला जिलबी तेव्हाही आवडत नव्हती, अजूनही नाही. पाकातलं काहीच नाही.

त्याच आजोबांना त्यांचे शाळासोबती ओट्याखालून हाक मारायचे, 'आण्णा, चल रे, चहाला चल.' आजोबा पेपरातून मानही वर न काढता म्हणायचे, 'नाही येत, जा. तुझ्याकडचा चहा म्हणजे गरम पाणी.' ते शिवी हासडून निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. अक्षत घेऊन आलेल्या पाहुण्यासमोर झुकणारे हेच का ते, असा मला प्रश्न पडायचा.

याचा अहो-जाहोशी फारसा संबंध नाही. माझ्या मावशीला मी 'तू' म्हणते, पण तिच्या घरच्या मंगळागौरीला नाही म्हणायचं तर आत्यांइतकीच प्रस्तावना करावी लागते. ऑफिसात उलट. साहेबांना 'सर, शनिवारी जमणं कठीण आहे, सोमवारी सकाळी देते' एवढं पुरतं. तिथे गुडघ्यांची चौकशी केली तर त्यांनाच संशय येईल.

मागच्या महिन्यात घरच्या एका छोट्या कार्यक्रमाला मी शाळेतल्या मैत्रिणीला बोलावलं. ही बाकावर शेजारी बसायची, माझा डबा न विचारता उघडायची. तिचं उत्तर आलं, 'आमंत्रणाबद्दल मनापासून आभार. काही कारणाने येणं होईलसं वाटत नाही. कार्यक्रमास शुभेच्छा.' एकही शब्द चुकीचा नव्हता. आत्यांना दाखवला असता तर त्यांनी वळणाचं कौतुक केलं असतं. मी बराच वेळ आठवत बसले, आमचं भांडण असं झालं होतं का कधी? नव्हतं झालं. शेवटी मी लिहिलं, 'हरकत नाही, पुन्हा कधीतरी नक्की.'

त्यावर तिनं जोडलेले हात पाठवले.