वारेचा रिपोर्ट

«डॉक्टर, ती आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघायची टेस्ट ९९ टक्के खरी असते म्हणतात. मग रिपोर्टात ‘हाय रिस्क’ आलं, तर बाळाला डाऊन सिंड्रोम आहेच असं धरायचं का?»

नाही. आणि हा गैरसमज पसरवण्यात माझाही हात आहे. ही चाचणी आमच्याकडे नवीन होती तेव्हा फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात मी प्रत्येकीला ऐटीत सांगायचे, “९९ टक्के खात्रीची आहे हो.” ऐकणारी ते उलटं धरून घरी जायची, आणि तिचं चुकत नव्हतं.

मुळात बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळत नाही. बाळाला पोसणाऱ्या वारेच्या पेशी झिजतात, मरतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात येऊन पडतात. हे पहिल्यांदा १९९७ साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातल्या अशा सुट्या तुकड्यांपैकी साधारण दहा टक्के वारेचे असतात, बाकीचे आईचे स्वतःचे. प्रयोगशाळा ते वेगळे काढत बसत नाही. लाखो तुकडे वाचायचे, कुठला कुठल्या गुणसूत्राचा ते ओळखायचं आणि मोजायचं, एवढंच. समजा, दहा हजार तुकड्यांत एकविसाव्या गुणसूत्राचे एरवी १३० भरतात. डाऊन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. वारेतही तसं असेल, तर १३६ भरतील. सगळा निकाल त्या सहा जादा तुकड्यांवर. वारेचा वाटा दहाऐवजी तीनच टक्के असेल, तर सहाच्या जागी दोन उरतात आणि फरक धड कळत नाही. म्हणून दहा आठवड्यांच्या आधी घाई करायची नाही. वजन जास्त असलेल्या आईच्या रक्तात वारेचा वाटा कमी पडतो, त्यामुळे कधीकधी ‘निकाल देता येत नाही’ असं उत्तर येतं आणि रक्त पुन्हा द्यावं लागतं. आमचे नमुने गोव्याबाहेर जातात. त्यासाठी नळ्याही खास असतात, कारण वाटेत आईच्या पांढऱ्या पेशी फुटल्या की तिचाच डीएनए वाढतो आणि वारेचा वाटा आणखी पातळ होतो.

आता त्या ९९ टक्क्यांकडे येते. एक जोडपं आठवतं. ती सव्वीस वर्षांची, पहिलं बाळंतपण. तो कुंडईच्या औषध कारखान्यात, गोळ्या तपासण्याच्या विभागात. अकराव्या आठवड्यात रक्त दिलं आणि आठवड्याभराने रिपोर्ट आला: एकविसावं गुणसूत्र, हाय रिस्क. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी नेहमीसारखी होती, पण तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. सासूबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, “मशीन कित्याक फट मारतलें?” म्हणजे, मशीन खोटं कशाला बोलेल? मी कागद पुढे ओढला.

सव्वीस वर्षांच्या दहा हजार जणी घ्या. या वयात डाऊन सिंड्रोमचं प्रमाण साधारण हजारात एक, म्हणजे दहा गर्भ. चाचणी ते दहाही बहुतेक पकडते. ९९ टक्के म्हणतात ते हे, असलेलं सापडण्याबद्दलचं. पण उरलेल्या जवळजवळ दहा हजारांत हजारी एकीला जरी खोटी घंटा वाजली, तरी त्या आणखी दहा झाल्या. घंटा वाजली वीस जणींची, खरी त्यातल्या दहांची. तुमचा रिपोर्ट म्हणजे फार तर निम्मं-निम्मं. हाच रिपोर्ट चाळीस वर्षांच्या बाईचा असता, तर दहा हजारांत सुमारे दीडशे खऱ्या आणि खोट्या तेवढ्याच दहा. तिथे मी एवढी आशा दाखवली नसती.

नवरा लगेच म्हणाला, “आमच्याकडे पण मशीन चांगली गोळी बाजूला काढतं. बाजूला काढलेली आम्ही हाताने परत बघतो.” इतकं नेमकं मला कित्येक वर्षांत सांगता आलं नव्हतं.

पण हाताने परत बघायचं ते कुठलं, हा पुढचा प्रश्न. बाराव्या-तेराव्या आठवड्यात वारेचाच तुकडा सुईने घेता येतो. मात्र घोळ तिथेच असू शकतो. गर्भ अगदी सुरुवातीला पेशींचा गोळा असतो. त्यातल्या काही पेशींपासून वार होते, काहींपासून बाळ. वारेकडे गेलेली एखादी पेशी विभागताना चुकली, तर जादा गुणसूत्र वारेतच पसरतं आणि बाळ त्यातून सुटतं. खोट्या घंटेचं हे मोठं कारण. आईच्या स्वतःच्या गुणसूत्रांतली काही गडबड किंवा जुळ्यांतलं एक आधीच विरून गेलेलं असणं, हीही कारणं असतात. म्हणून या दोघांना मी सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबायला सांगितलं. तेव्हा सोनोग्राफीत बघत बघत पोटातून सुई घालून गर्भजल काढतात, जेमतेम वीस मिली. त्यात बाळाच्या कातडीच्या, मूत्रमार्गाच्या पेशी असतात. गर्भ पडण्याचा धोका दोनशेत एकाहून कमी. ते थांबणं मात्र फार जड जातं. त्या दिवसांत चवथ आली. सगळ्यांनी गणपतीवर माटोळी बांधली, पण तिला दिवस गेल्याचं घरात सासूबाईंशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

गर्भजलाचा प्राथमिक निकाल चार दिवसांत आला, पूर्ण तपासणी तीन आठवड्यांनी. दोन्हीत गुणसूत्रं शेहेचाळीस, नीट.

(मुलगा की मुलगी हे याच रक्तातून कळू शकतं. १९९४च्या कायद्यानं ते सांगायला बंदी आहे आणि मीही सांगत नाही, तेव्हा दाराशी जाता जाता हळूच विचारू नका.)

उलट बाजूने फसणाऱ्याही असतात. डिचोलीकडची एक बाई रिपोर्ट फडकवत आली होती. ‘लो रिस्क’ म्हणून सगळ्यांना पेढे वाटून झाले होते आणि विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ओठ दुभंगलेला दिसला. ती माझ्यावर भडकली, “डीएनए बघितला ना तुम्ही?” बघितला नव्हता, मोजला होता. पाडेल्याने उतरवलेल्या नारळांच्या राशी मोजाव्यात तसं आहे हे. राशीत नारळ जास्त झाले तर कळेल, एखादा आतून कुजका असेल तर कळणार नाही. दुभंगलेला ओठ, हृदयाचं भोक, पाठीच्या कण्याचा दोष, थॅलेसेमिया, स्वमग्नता यांतलं काहीही या नेहमीच्या चाचणीत दिसत नाही. थॅलेसेमियासाठी आई-बापाचं रक्त वेगळं तपासावं लागतं. आणि रक्ताचा रिपोर्ट कितीही चांगला आला, तरी अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी चुकवायची नसते. ती काहीजणी चुकवतात, एवढे पैसे भरलेत म्हणून. त्याचा मला खरोखर राग येतो.

त्या कुंडईवाल्यांचं मात्र गर्भजलाने संपलं नव्हतं. वारेत जादा गुणसूत्र असल्याचा संशय होता आणि अशी वार कधीकधी बाळाला पुरेसं पोसत नाही. म्हणून अठ्ठाविसाव्या, बत्तिसाव्या आणि छत्तिसाव्या आठवड्यात वाढ बघितली. ती ठीक होती. बाळंतपण झाल्यावर नवऱ्याने विचारलं, “ती वार बघायला मिळेल का?” ट्रे पुढे धरला. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. इतर कुठल्याही वारेसारखीच होती.