तुम्ही विचारलंत म्हणून: शिट्टीनंतरचा हात

"नवीन रेफ्रीने शिट्टी कशी वाजवावी आणि हात कसे दाखवावेत, म्हणजे प्रत्येक निर्णय खेळाडूंना समजावत बसावे लागणार नाही?"

मी फुटबॉलपुरते सांगतो, कारण माझा अनुभव त्याच मैदानावरचा आहे. फाउलची शिट्टी वाजली की खेळाडूंना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: चेंडू कोणाला मिळाला आणि त्या किकवर थेट गोल करता येईल का. ही दोन उत्तरे हाताने लगेच मिळाली नाहीत, तर ते ती तोंडाने विचारायला तुमच्याभोवती जमतात.

शिट्टी तोंडात धरून धावू नये, हातात ठेवावी. ती ओठांपर्यंत नेण्यात जो क्षण जातो, त्यात ज्या संघाविरुद्ध फाउल झाला त्याच्याकडेच चेंडू राहिला आहे का, हे पाहून घेता येते. शिट्टीचा आवाज श्वास सोडून देऊन विझवण्यापेक्षा जिभेचे टोक शिट्टीच्या तोंडाला लावून तोडावा. तो नेमका थांबला की निर्णयही पक्का वाटतो. मैदानाच्या मध्यभागी जर्सी ओढल्यासारख्या साध्या फाउलला एक आखूड शिट्टी पुरते, धोकादायक टॅकलला ती जोरकस आणि लांब हवी, आणि पेनल्टी देताना तर तशीच शिट्टी वाजवून थेट पेनल्टीच्या ठिपक्याकडे हात करावा. उलट, चेंडू उघडपणे रेषेबाहेर गेला असेल, तर थ्रो-इन, गोल किक किंवा कॉर्नरसाठी शिट्टीची गरज नसते, दिशा दाखवणे पुरे. प्रत्येक वेळी वाजणारी शिट्टी खरी गरज पडते तेव्हा कोणी ऐकत नाही. मध्यंतराला दोन आणि सामना संपल्यावर तीन शिट्ट्या हा नियम नसून रूढी आहे, पण ती पाळलेली बरी.

हातांच्या बाबतीत नवा रेफ्री सर्वांत जास्त चुकतो तो इनडायरेक्ट फ्री किकवर, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशा किकवर. मीही चुकलो होतो. एका बचावपटूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू त्याच्याच गोलकीपरने पेनल्टी क्षेत्रात हातांनी उचलला. मी शिट्टी वाजवली, दिशा दाखवली आणि डोक्यावर हात उभा केला. मात्र बचावपटूंची भिंत मागे सरकवताना मी दोन्ही हात वापरले आणि उभा हात खाली आला तो आलाच. पुढच्या क्षणी स्ट्रायकरने चेंडू सरळ जाळ्यात मारला. अर्धे खेळाडू आनंदाने धावत सुटले आणि अर्धे माझ्या अंगावर आले.

नियमाप्रमाणे, किक इनडायरेक्ट असल्याची खूण रेफ्रीने केली नसेल आणि चेंडू थेट गोलमध्ये गेला असेल, तर किक पुन्हा घ्यायची असते. हात उभा असता, तर तोच चेंडू गोल किक ठरला असता. मी किक पुन्हा घ्यायला लावली आणि त्यानंतर बराच वेळ नेमके तेच समजावत बसलो, जे एका उभ्या हाताने सांगून झाले असते. तेव्हापासून मी हात सरळ वर नेतो आणि चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत किंवा खेळाबाहेर जाईपर्यंत तो खाली आणत नाही. भिंत सरकवायची ती मोकळ्या हाताने. पेनल्टी क्षेत्रात तर मी दिशेआधीच हा हात उचलतो, नाहीतर शिट्टी ऐकताच सगळे पेनल्टीच समजतात. शिट्टीही तिथे आखूडच ठेवतो.

भिंत मागे नेण्याची वेळ आली, की आणखी एक खूण कामाला येते. शिट्टी चेहऱ्यासमोर उंच धरावी, दुसऱ्या हाताने तिच्याकडे बोट दाखवावे आणि किक घेणाऱ्याकडे पाहावे: मी वाजवल्याशिवाय मारू नकोस. एकदा हे सांगितले, की आधी मारलेली किक पुन्हा घेता येते आणि त्यावर वादाला जागा उरत नाही. पण संघाला झटपट किक घ्यायची असेल आणि तुम्ही अशी खूण केलेली नसेल, तर मध्ये पडू नये.

अ‍ॅडव्हांटेज देताना, म्हणजे फाउल होऊनही ज्याच्याविरुद्ध तो झाला त्या संघाच्या फायद्यासाठी खेळ चालू ठेवताना, शिट्टी मुळीच नको. एक किंवा दोन्ही हात पुढे न्यावेत. अपेक्षित फायदा काही सेकंदांत मिळाला नाही, तर मूळ फाउलची शिट्टी वाजवता येते, मात्र तेव्हा फाउल झाला होता त्या जागेकडे हात करावा, कारण खेळ तोवर दहा-पंधरा पावले पुढे गेलेला असतो आणि शिट्टी कशाची, हे कोणालाच कळत नाही.

हँडबॉल, धक्का, पाय अडकवणे यांसाठी ठरावीक खूण नाही. खेळाडू खरोखरच गोंधळलेला दिसला, तर मी ती कृती एकदाच छोटीशी करून दाखवतो, जसे हाताला हलकेच स्पर्श करणे, आणि लगेच किकच्या जागेकडे चालू लागतो.