‘नको’ म्हणायला जागाच नव्हती

मरोळमधल्या आमच्या ऑफिसात पाच टेबलं आहेत. कारखान्यांच्या खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलशी ताडून पाहणारं सॉफ्टवेअर आम्ही विकतो आणि वेबिनारची आमंत्रणं पाठवणं हे माझं काम. गुरुवार, 13 नोव्हेंबर 2025. सकाळी अकराला टेलिकॉलिंगवाल्या मुलीने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. ‘ताई, तुम्हीच बोला. काका फार चिडलेत.’

काका वसईतल्या एका पावडर कोटिंगच्या कारखान्यात हिशेब बघतात. मागे कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. ‘मॅडम, सोमवारी तुमचा मेसेज आला. काल परत आला. आज सकाळपासून हा दुसरा फोन. मी हो कधी म्हटलं?’

मी म्हटलं, ‘काका, तुम्ही नाहीही म्हटलं नव्हतं, म्हणून आम्ही...’

‘कुठे म्हणायचं नाही? खाली एकच बटण, “आत्ताच नोंदणी करा”. नाहीचं बटण आहे का तुमच्याकडे?’

नव्हतं. तो मेसेज मीच लिहिला होता. ‘जीएसटीच्या नव्या पर्वात पाऊल टाका! खास वेबिनार. जागा मर्यादित. आपली उपस्थिती प्रार्थनीय.’ तारीख होती 19 नोव्हेंबर. दर महिन्याला भरणाऱ्यांना 3बी, म्हणजे जीएसटीचं विवरण, 20 तारखेपर्यंत भरायचं असतं. आदल्या दिवशी दुपारी मी हिशेबनिसांना तासभर बसायला बोलावत होते! जागा मर्यादित हेही खरं नव्हतं. आमच्या झूमवर पाचशे माणसं मावतात आणि मेसेज गेला होता 340 जणांना.

मी माफी मागितली. मग विचारलं, ‘काका, विषय तरी कामाचा वाटला का?’

‘विषय काय आहे तेच कळलं नाही. आयएमएसचं काही असेल तर मला हवंय. पण ते त्यात कुठे लिहिलंय?’

अख्खं सत्र आयएमएसवरच होतं आणि आमंत्रणात तो शब्दच नव्हता. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, आयएमएस म्हणजे जीएसटी पोर्टलवरची इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम. ऑक्टोबर 2024 पासून पुरवठादाराने चढवलेलं बिल पोर्टलवर खरेदीदारासमोर येतं. ते स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं हे त्याने ठरवायचं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. नको असलेलं बिल नुसतं तसंच राहिलं म्हणून खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटमध्ये येतं आणि मग हिशेब जुळवताना डोकं उठतं, हे आम्ही रोज लोकांना समजावतो. आणि आमच्या याद्यांमध्ये मी तेच करत होते. माणूस गप्प राहिला की तो ‘इच्छुक’. दोन दिवसांनी आठवण, मग फोन.

फोन ठेवून मी व्हॉट्सॲपचं खातं उघडलं. आमच्या नंबरचा दर्जा हिरव्यावरून पिवळ्यावर आला होता. कुणी ब्लॉक केलं हे तिथे दिसत नाही. पण गेल्या काही दिवसांत लोकांनी ब्लॉक किंवा तक्रार केली की तो दर्जा घसरतो. नोंदण्या होत्या नऊ. म्हणजे ज्यांना नको होतं त्यांनी उत्तर दिलंच होतं, फक्त ते आम्हाला न देता व्हॉट्सॲपला दिलं होतं.

सरांना सांगून वेबिनार मंगळवारी, 25 तारखेवर नेला आणि दुपारभर बसून मेसेज नव्याने लिहिला. शेवटी हा गेला:

‘नमस्कार. गोरेगावच्या प्रदर्शनात तुम्ही आम्हाला कार्ड दिलं होतं, म्हणून कळवतोय. 19 तारखेचा वेबिनार आता मंगळवार, 25 नोव्हेंबर, दुपारी 4 ते 4.40, झूमवर, मोफत. आयएमएसमध्ये कोणतं बिल स्वीकारायचं, कोणतं प्रलंबित ठेवायचं, हे 12 बिलं पडद्यावर घेऊन दाखवणार. खरेदीची बिलं स्वतः तपासत असाल तर उपयोगी. हे काम तुमचे सीए बघत असतील तर गरज नाही. शेवटची 5 मिनिटं आमच्या सॉफ्टवेअरबद्दल, तेव्हा निघालात तरी चालेल.’

खाली तीन बटणं: ‘येणार’, ‘फक्त टिपण पाठवा’, ‘नको, कळवू नका’.

सरांना दोन गोष्टी खटकल्या. ‘गरज नाही’ हे आपणच का सांगायचं, आणि तिसरं बटण. माझं म्हणणं होतं की ज्याचे सीए सगळं बघतात तो आला तरी दहा मिनिटांत उठतो, आणि नंतर त्याला चार फोन करण्यात आमचेच तास जातात. मधल्या बटणावर मात्र मी अडून बसले. हिशेबनिसाला विषय हवा असतो, पण दुपारचे चार त्याच्या हातात नसतात. मालकाने हाक मारली की उठावं लागतं. त्याच्यापुढे फक्त हो आणि नाही ठेवलं तर तो भिडेखातर हो म्हणतो आणि येत नाही, किंवा नाही म्हणून कायमचा जातो. दोन्हींत आम्हाला खरं काही कळत नाही.

मंजुरी संध्याकाळी आली. साडेपाचला मेसेज सुटला आणि सातपर्यंत बावीस जणांनी ‘नको’ दाबलं. खरं सांगते, पोटात गोळा आला.

पण खरी चूक त्यानंतर सापडली. ‘नको’ दाबलं की ते उत्तर फक्त इनबॉक्समध्ये येऊन पडतं, पाठवणं आपोआप थांबत नाही. शिवाय आमच्या याद्या तीन: व्हॉट्सॲपची, ईमेलची आणि टेलिकॉलिंगची एक्सेल. ते बावीस नंबर मी एक्सेलमध्ये VLOOKUP लावून शोधले तर एकही जुळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांना फोन गेले असते, म्हणजे काकांसारखे बावीस जण. कारण अगदी साधं होतं. एका यादीत नंबरापुढे 91 होतं, दुसरीत नव्हतं, आणि कार्डावरून टाइप केलेल्या नंबरांत मध्येच जागा सोडलेली होती. दोन्ही याद्यांत नवा रकाना घालून जागा काढल्या आणि शेवटचे दहा आकडे घेतले:

```
=RIGHT(SUBSTITUTE(A2," ",""),10)
```

मग एकवीस जुळले. बाविसावं कार्ड मालकाचं होतं आणि एक्सेलमध्ये त्याच कारखान्याचा लँडलाइन होता. तो मी नावावरून शोधून काढला. हे सूत्राने सापडत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. रात्री नऊला तिन्ही याद्यांत ‘नको’चा रकाना भरून मगच निघाले. टेलिकॉलिंगवाल्या मुलीला सांगितलं की जे गप्प आहेत त्यांनाही फोन नाही, 24 तारखेला एकच आठवण जाईल, तीच तीन बटणं घेऊन.

25 तारखेपर्यंतचा हिशेब असा: ‘येणार’ 38, ‘फक्त टिपण’ 61, ‘नको’ 47. बाकीचे गप्प. प्रत्यक्ष आले 23, आणि त्यातले एकोणीस जण शेवटच्या पाच मिनिटांतही बसून होते. नंबर पुन्हा हिरवा झाला. ‘नको’वाल्यांपैकी सहा जणांनी कारणही लिहून पाठवलं, त्यात चौघांचे सीएच सगळं बघत होते. ते कार्ड घेताना आम्ही विचारायला हवं होतं. आता प्रदर्शनात कार्डामागे पेन्सिलीने लिहितो, ‘स्वतः’ किंवा ‘सीए’.

वसईच्या काकांनी मधलं बटण दाबलं होतं. त्यांना त्याच संध्याकाळी दोन पानांचं टिपण गेलं, सोबत विक्रीचा एक शब्दही नाही. मी फोन केला नाही. 15 डिसेंबरला, म्हणजे नवीन 2बी, महिन्याच्या क्रेडिटचं विवरण, आल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांचाच आला. कॉम्प्रेसर तसाच चालू होता.

‘मॅडम, तुमच्या टिपणातलं सातवं बिल. माल पुढच्या महिन्यात पोचला तर प्रलंबित ठेवायचं म्हणता ना? माझ्याकडे तसली तीन आहेत. बघता का जरा?’

‘पाठवा काका,’ मी म्हटलं, आणि खुर्ची पुढे ओढली.