एकाच खोलीतले दोन ताप

हिंदमाताला पाणी तुंबलं की आठ-दहा दिवसांनी माझ्या परळच्या दवाखान्यात तापाची रांग लागते. मागच्या जुलैतल्या अशाच एका सोमवारी चाळीतल्या एक काकू दोन्ही मुलांना घेऊन आल्या. थोरला पार्सलं पोचवतो, धाकटा कॉलेजात. दोघांनाही तीन दिवस ताप, अंग मोडून आलेलं, डोकं ठणकतंय.

"एकाच खोलीत झोपतात, डॉक्टर. एकाचं दुसऱ्याला लागलं असणार. एकच औषध द्या दोघांना."

थोरल्याचे डोळे लालभडक होते, पण चिपडं नव्हती. पोटरी जराशी दाबली तर तो कळवळून उठूनच बसला. चप्पल काढायला लावली. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी सोललेली.

"पाण्यातून गेला होतास?"

"गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलत नेली. नऊ दिवस झाले."

धाकटा त्या दिवशी घराबाहेरच पडला नव्हता. त्याचा चेहरा तांबूस, डोळ्यांच्या मागे दुखणं. त्याच्या पाठीवर हात दाबून उचलला तर पांढरट पंजा क्षणभर तसाच उमटून राहिला.

संध्याकाळी रिपोर्ट आले. प्लेटलेट दोघांच्याही लाखाच्या आसपास, आणि काकूंनी तेवढंच वाचलं होतं. मी पांढऱ्या पेशी बघत होतो. थोरल्याच्या वाढून 14,200, धाकट्याच्या घटून 2,900. धाकट्याची डेंग्यूची एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह. थोरल्याला मी तुंबलेल्या पाण्यातून लागणारा लेप्टो धरून चाललो. त्याची अँटिबॉडी चाचणी पहिल्या काही दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्हच येते, तिची वाट बघत बसलं तर मूत्रपिंडं जातात. क्रिएटिनिन ठीक होतं, लघवी व्यवस्थित होत होती, म्हणून घरीच डॉक्सिसायक्लिन सुरू केलं: सकाळ-संध्याकाळ 100 मिलिग्रॅम, सात दिवस, 14 गोळ्या. धाकट्याला पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. रोज दाखवायला सांगितलं.

मंगळवारी कुणीच आलं नाही. बुधवारी संध्याकाळी काकू हसतमुखाने आल्या. "धाकट्याचा ताप उतरला बघा! दादाच्याच गोळ्या दिल्या त्याला. तुम्ही उगीच दिल्या नव्हत्या." मी पाकीट मागून घेतलं. 10 गोळ्या उरायला हव्या होत्या, 6 होत्या.

काकू खानावळीत पोळ्या लाटतात, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. थोरल्याच्या अंगातला जंतू म्हणजे बॅक्टेरिया, उंदराच्या मुतातून पाण्यात उतरलेला आणि चिखल्यांतून आत शिरलेला. तो स्वतःची शेगडी घेऊन आलेला भाडेकरू. खातो, प्रथिनं बनवतो, एकाचे दोन होतो. डॉक्सिसायक्लिन त्याची शेगडी बंद पाडतं. आपल्या पेशींची शेगडी वेगळ्या बनावटीची, म्हणून आपण वाचतो. डासाने धाकट्याला दिला तो व्हायरस, म्हणजे विषाणू. त्याच्याकडे शेगडीच नाही. तो म्हणजे पाकिटात घातलेली एक पाककृती. पेशीत शिरतो आणि तिच्याच शेगडीवर स्वतःच्या नकला करून घेतो. मग डॉक्सिसायक्लिन बंद काय पाडणार? काही विषाणूंवर वेगळी औषधं आहेत, डेंग्यूवर अजून नाही.

"मग ताप कसा उतरला?"

डेंग्यूचा ताप बऱ्याचदा तिसऱ्या ते सातव्या दिवसात आपणहून उतरतो. तोपर्यंत रक्तातला विषाणूही ओसरत आलेला असतो. पण त्याच्याशी लढताना शरीराने जे काही उसळवलेलं असतं, त्याने काही जणांच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत झिरपतं, मागे रक्त दाट होतं. म्हणजे घरचे निर्धास्त होतात त्याच दिवशी आम्ही सावध होतो.

मी धाकट्याला विचारलं. सकाळपासून तीनदा उलटी, पोटात दुखतंय, लघवी दुपारी एकदाच, हात गार. सोमवारी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट आहे तो आकडा, 41 होतं. समोरच्या लॅबमधून तातडीने करून आणलं: 49. प्लेटलेट 62,000. काकूंचं लक्ष पुन्हा प्लेटलेटवरच. मी 49 भोवती पेनाने गोल काढला, चिठ्ठी लिहिली आणि टॅक्सी बोलावली.

हॉस्पिटलात त्याला सलाईन लावलं, तेही मोजून-मापून. जास्त झालं तर पाझरलेलं पाणी परत रक्तात येताना फुप्फुसांत साचतं. दर काही तासांनी हिमॅटोक्रिट बघत दोन दिवस काढले. शुक्रवारी 42 वर आलं, लघवी मोकळी झाली, त्याने इडली मागितली.

थोरल्याचा ताप गुरुवारी गेला. त्याला कमी पडलेल्या चार गोळ्या मी माझ्याकडच्या दिल्या आणि पाकिटावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं.

शनिवारी काकू धाकट्याचं डिस्चार्ज कार्ड घेऊन आल्या. उलटसुलट करून बघत होत्या. "डॉक्टर, तीन दिवस ठेवून घेतलं, आणि यात औषधच नाही लिहिलेलं?"

कार्डावर पॅरासिटामॉल होतं, आणि त्याखाली ओआरएस.