t³ अखेर सुटला: पाच सहगुणक, एकच भागाकार

मंडळी, त्या घनवाल्या इंटिग्रलचं एकदाचं झालं. मागच्या वेळी अर्धवट सोडलेलं ते हेच:

∫ (6x² − 12x + 22) / ((x − 1)³ (x² + 2x + 5)) dx

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून जे बिनकव्हरचं गाइड उचललं होतं त्यातलं. क्वाड्रॅटिकचा डिस्क्रिमिनंट 4 − 20 = −16, म्हणजे त्याचे अजून तुकडे पडत नाहीत, आणि (x − 1) तीनदा आलाय. त्यामुळे मांडणी ठरलेली, A/(x−1) + B/(x−1)² + C/(x−1)³ + (Dx + E)/(x² + 2x + 5), असे पाच सहगुणक.

C कव्हर-अपने लगेच मिळतो, (x − 1)³ झाकायचा आणि उरलेल्यात x = 1 टाकायचं, 16/8 = 2. पण कव्हर-अप तिथेच संपतं, कारण ते फक्त सगळ्यात वरच्या घाताचा सहगुणक देतं, A आणि B ला हात लावायला गेलं की छेदात शून्य. मग एक तर सगळं गुणून x च्या घातांचे सहगुणक जुळवा म्हणजे चार समीकरणं सोडवत बसा, नाहीतर डेरिव्हेटिव्ह घ्या. B साठी अंश भागिले क्वाड्रॅटिकचं पहिलं डेरिव्हेटिव्ह, A साठी दुसरं आणि त्याचं अर्धं. पहिलं ठीक आहे, पण भागाकाराच्या नियमाने दुसरं डेरिव्हेटिव्ह काढताना पान भरतं आणि एक चिन्ह चुकलं की सगळं मुसळ केरात. आणि एवढं करूनही D, E वेगळे काढायचेच आहेत.

तर आता खरी गंमत. सगळं t = x − 1 मध्ये लिहायचं. अंश होतो 6t² + 16 (मधलं पद चक्क उडालं!), क्वाड्रॅटिक होतं t² + 4t + 8, आणि छेदातला घन नुसता t³. आता नेहमी आपण मोठ्या घाताकडून भागाकार करतो, तो उलटा करायचा, लहान घाताकडून. म्हणजे 16 ला 8 ने भागून सुरुवात आणि मग चढत जायचं:

```
16 + 0t + 6t²  ला  8 + 4t + t²  ने भागा

 2    वजा   16 + 8t + 2t²      बाकी  −8t + 4t²
−t    वजा  −8t − 4t² − t³      बाकी   8t² + t³
 t²   वजा   8t² + 4t³ + t⁴     बाकी  −3t³ − t⁴
```

इथे थांबायचं, कारण बाकीत आता t³ सामाईक आहे आणि छेदातही t³ च आहे, दोघं एकमेकांना खातात. भागाकार 2 − t + t² आला, त्याला t³ ने भागलं की 2/t³ − 1/t² + 1/t. बाकीचं −t³(t + 3) होतं, त्यातला t³ गेला की क्वाड्रॅटिकच्या डोक्यावर उरतं −(t + 3), म्हणजेच −(x + 2). संपलं. पाचही सहगुणक एका भागाकारात, एकही समीकरण न सोडवता:

2/(x−1)³ − 1/(x−1)² + 1/(x−1) − (x+2)/(x² + 2x + 5)

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे क्लासमध्ये 'असंच मांडायचं असतं' म्हणून पाठ करून घेतलेली मांडणी इथे आपोआप दिसते. (x−1) चे तिन्ही घात का लागतात, नुसता घनवाला का पुरत नाही? कारण t³ पर्यंत पोचेपर्यंत भागाकारात तीन पदं येतात. क्वाड्रॅटिकवर नुसता आकडा न ठेवता Dx + E का? कारण बाकीत t³ बाजूला काढल्यावर दोन पदं उरू शकतात. एखादा सहगुणक शून्य येईल तो नशिबाचा भाग, पण जागा ठेवावीच लागते.

तपासणी दोन ठिकाणी केली. एक, x = 0 टाकून: मूळ अपूर्णांक 22/(−5) = −4.4, आणि तुकडे −2 − 1 − 1 − 0.4, बेरीज तीच. दुसरी मी आता सवयच लावून घेतलीये: छेदाचा घात अंशापेक्षा किमान दोनने जास्त असेल तर 1/(x−1) चा सहगुणक आणि क्वाड्रॅटिकवरच्या x चा सहगुणक यांची बेरीज शून्य यायलाच हवी, कारण x खूप मोठा केला की 1/x वाली पदं एकमेकांना मारली गेली पाहिजेत. इथे 1 आणि −1. ही तपासणी दोन सेकंदांत होते पण फक्त A आणि D बद्दल बोलते, B, C, E चुकले असतील तर तिला पत्ता लागत नाही, म्हणून x = 0 वाली सोडायची नाही.

इंटिग्रेशन त्यामानाने सरळ. घातवाले तुकडे −1/(x−1)² आणि +1/(x−1) देतात, 1/(x−1) चा लॉग, आणि क्वाड्रॅटिकसाठी x + 2 ला ½(2x + 2) + 1 असं फोडायचं. पहिला भाग छेदाच्या डेरिव्हेटिव्हचा म्हणून लॉग, उरलेल्या 1 साठी छेद (x+1)² + 4 असा पूर्ण वर्ग करून टॅन इन्व्हर्स:

ln|x−1| + 1/(x−1) − 1/(x−1)² − ½ ln(x² + 2x + 5) − ½ tan⁻¹((x+1)/2) + C

आणि इथे डोक्याला ताप झाला, कारण गाइडच्या मागच्या उत्तरात बाकी सगळं हेच पण tan⁻¹ च्या पुढे ½ ऐवजी ¼. आधी वाटलं दोन उत्तरं फक्त स्थिरांकाने वेगळी असतील, इंटिग्रलमध्ये तसं होतं, tan⁻¹ च्या जागी cot⁻¹ उणे चिन्हाने आलं तरी दोन्ही बरोबर असतात. पण ½ आणि ¼ चा फरक स्थिरांक नाही, तो x बरोबर बदलतो. मग छापलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन आकडे टाकले. x = 0 ला यायला हवं −4.4, आलं −4.3. x = −1 ला यायला हवं −1.25, आलं −1.125. आता हे फरक बघा, 0.1 आणि 0.125. क्वाड्रॅटिकची किंमत तिथे 5 आणि 4. दोन्हीकडे गुणाकार 0.5! म्हणजे फरक बरोबर 0.5/(x² + 2x + 5) असा आहे, आणि असा फरक फक्त टॅन इन्व्हर्सच्या सहगुणकातूनच येऊ शकतो. लॉग गंडला असता तर अंशात x डोकावला असता, (x−1) वाला तुकडा गंडला असता तर x = 1 च्या जवळ फरक फुगला असता. 1/a चा गोंधळ आहे सरळ, ∫ dx/((x+1)² + 4) मध्ये ½ येतो, छापणाऱ्याने तो दोनदा लावलाय. तुमच्याकडे तीच आवृत्ती असेल तर पेनाने सुधारून घ्या.

तरी मनाचं समाधान म्हणून सिम्पायला विचारलं:

```
from sympy import *
x = symbols('x')
f = (6*x**2 - 12*x + 22)/((x-1)**3*(x**2 + 2*x + 5))
apart(f)
```

तुकडे तेच आले. apart तपासणीला झकास आहे, पण आधी त्याला विचारून मग हाताने करण्यात काय मजा, माझा नियम वही आधी. आणि वही म्हणाल तर चौकटीचीच घ्या, शाळेतली गणिताची. या भागाकारात सगळा खेळ t चे घात एकाखाली एक ठेवण्याचा आहे आणि कोऱ्या ए-फोर कागदावर t² खाली t³ कधी सरकतो ते कळतच नाही.

पुढचा बेत असा होता की दोनदा आलेल्या क्वाड्रॅटिकला भिडायचं, x / ((x−1)² (x² + 1)²), आणि तिथे x = i टाकून कॉम्प्लेक्स कव्हर-अप करायचं. पण हे टाइप करता करता वाटलं, (x−1) सोलून काढल्यावर जे उरतं त्याला तसंच पुढे का सोलू नये? करून बघितलं. अंश 1 + t, आणि (x² + 1)² म्हणजे 4 + 8t + 8t² + 4t³ + t⁴. इथे छेदात t² आहे म्हणून भागाकाराची दोनच पदं हवीत, ती आली ¼ − ¼t. बाकीतला t² काढल्यावर उरलं ¼(t³ + 3t² + 4t), आणि ते परत x मध्ये लिहिलं तर ¼(x³ + x − 2). आता याला x² + 1 ने नेहमीसारखा, मोठ्या घाताकडून भागाकार: भागाकार x/4, बाकी −½. झालं की!

¼/(x−1)² − ¼/(x−1) + (x/4)/(x²+1) − ½/(x²+1)²

i ची गरजच पडली नाही. म्हणजे पद्धत अशी दिसतेय: रेषीय अवयव जितके वेगळे तितक्या वेळा t बदलून उलटा भागाकार, आणि शेवटी एकाच क्वाड्रॅटिकचे घात उरले की त्याच क्वाड्रॅटिकने सरळ भागत राहायचं. दोन वेगळी क्वाड्रॅटिक असतील तर मात्र हे चालत नाही, कारण तिथे t = 0 करायला वास्तव मूळच नसतं, तिथे i वाली युक्ती किंवा समीकरणं लागतीलच.

शेवटच्या −½/(x²+1)² चं इंटिग्रेशन x = tan θ ने करतोय, ∫ dx/(x²+1)² = x/(2(x²+1)) + ½ tan⁻¹x, ते घातलं की हेही पूर्ण होतं.

त्यानंतर 1/(x⁴ + 1). दिसायला अखंड, वास्तव मूळ एकही नाही, पण (x² + √2x + 1)(x² − √2x + 1) असे तुकडे पडतात. १७०२ साली खुद्द लायब्निझ इथे फसला होता, त्याला वाटलं हे इंटिग्रल लॉग आणि टॅन इन्व्हर्समध्ये बसतच नाही. दोन वेगळी क्वाड्रॅटिक, म्हणजे नेमकं जिथे माझा भागाकार चालत नाही तेच. कोणाकडे √2 हातात न घेता D, E काढायची काही आयडिया असेल तर टाका.