टप्पा पूर्ण झाला, हे ठरवायचं कुणी? डाळमिलच्या कामाच्या बिलांचा माझा अनुभव

लातूरच्या एका डाळमिलचं सॉफ्टवेअर मी २०२४ च्या जूनमध्ये करायला घेतलं. माल आत आल्यापासून डाळ बाहेर जाईपर्यंतची सगळी नोंद त्यात व्हायची होती. काम ६ लाखांचं, जीएसटी वेगळा. काम लांबणार हे पहिल्याच बैठकीत दिसत होतं, कारण मिलचा हंगाम सुरू झाला की कुणाला बोलायलाही सवड नसते. सगळे पैसे शेवटी घेणं मला परवडणारं नव्हतं आणि आधी द्यायला मिलचे मालक आप्पा तयार नव्हते. म्हणून पाच टप्पे पाडले: कामाच्या सुरुवातीला १,२०,०००, आवक आणि वजनकाट्याला १,५०,०००, गोदाम आणि उत्पादनाला १,५०,०००, विक्रीबिलं आणि हिशोबाला १,२०,००० आणि शेवटचे ६०,००० महिनाभर रोजचं काम त्यावर चालल्यानंतर.

टप्पे पाडणं सोपं असतं. अडतं ते ‘पूर्ण’ या शब्दापाशी. माझे काका सरकारी रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. त्यांचं रनिंग बिल निघायचं ते मेजरमेंट बुकात इंजिनिअरने लिहिलेल्या मापावर. काका कितीही म्हणोत की काम झालंय, बुकात माप चढल्याशिवाय बिल नाही. सॉफ्टवेअरला फुटपट्टी लागत नाही, म्हणून माप आधी ठरवून ठेवावं लागतं, आणि ते घेणारा माणूस समोरच्या बाजूचा असावा लागतो. मी करारात दुसऱ्या टप्प्यापुढे ‘आवक मॉड्यूल पूर्ण’ असं न लिहिता एवढंच लिहिलं: सलग सहा दिवस काट्यावरची प्रत्येक गाडी प्रोग्रॅममध्ये नोंदली जाईल, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन काट्याच्या डिस्प्लेशी जुळेल आणि मुनीमजी तसं मेलवर कळवतील, तो दिवस टप्पा पूर्ण झाल्याचा. हे तपासायला प्रोग्रॅमिंग कळावं लागत नाही. काट्याच्या पावत्यांचा गठ्ठा मुनीमजींकडे असतोच.

या वाक्याला करारात जागा मिळावी म्हणून मी हट्ट धरला, त्यामागे जीएसटीचं एक कारण होतं. तीन महिन्यांहून जास्त चालणारं आणि हप्त्याहप्त्याने पैसे ठरलेलं काम जीएसटी कायद्यात सलग सेवा धरलं जातं. पैसे एखादी गोष्ट पूर्ण होण्याशी जोडलेले असले, तर ती पूर्ण होईल त्या दिवशी किंवा त्याआधी बिल काढावं लागतं. कलम ३१ चं पाचवं पोटकलम. बिल निघालं की कर माझ्या खात्यावर चढतो आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. क्लायंटने पैसे दिले की नाही हे तिथं कुणी विचारत नाही. म्हणजे ‘पूर्ण’ची व्याख्या सैल असली आणि मी माझ्या बाजूने काम संपवून बसलो, तर दुसऱ्या टप्प्याचा २७ हजारांचा कर खिशातून भरून आप्पांच्या होकाराची वाट बघायची. ज्या गोष्टीशी पैसे जोडायचे, ती मुनीमजींचा लेखी होकार हीच ठेवली, तर होकाराची तारीख हीच बिलाची तारीख होते.

म्हणूनच मी प्रत्येक टप्प्याला दोन मेल पाठवतो. पहिला पाहणीचा, त्यात पैशाचा आकडा नसतो. होकार आला की दुसरा बिलाचा. दोन्ही एकाच मेलमध्ये घातले की वाचणारा आकड्यावर थांबतो आणि तपासणी बाजूला राहते. आप्पा फोनवर म्हणालेही, “एवढं लिहायची काय गरज, तुम्ही सांगितलं की झालं की!” पण मिलच्या चेकवर सही होण्याआधी कागद मुनीमजींकडून आणि सीएंकडून जातो. त्यांनी आमचं फोनवरचं बोलणं ऐकलेलं नसतं.

ऑगस्टमध्ये मूग-उडदाच्या गाड्या यायला लागल्या, तेव्हा काट्याची परीक्षा झाली. काट्याचा डिस्प्ले सीरियल केबलने संगणकाला जोडलेला होता. सहा दिवसांत १४३ गाड्या झाल्या. पाहणीचा मेल असा होता:

> विषय: टप्पा २ (आवक व वजनकाटा) – तपासणीसाठी
>
> आप्पा, नमस्कार.
> करारातल्या टप्पा २ प्रमाणे सलग सहा दिवसांच्या १४३ गाड्यांची यादी सोबत जोडली आहे. त्यातल्या १४१ गाड्यांचं वजन काट्यावरून थेट आलं. दोन गाड्यांच्या वेळी लाईट गेल्यामुळे रिकाम्या गाडीचं वजन हाताने टाकलं आहे. यादीत त्या दोन ओळी पिवळ्या केल्या आहेत.
> मुनीमजींनी पावत्यांशी ताडून ‘टप्पा २ मान्य’ एवढं याच मेलला उत्तर म्हणून लिहावं. फरक दिसल्यास गाडी नंबर कळवावा. १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास करारातल्या अटीप्रमाणे टप्पा मान्य समजला जाईल.
> शेतकऱ्यांना वजनाचा एसएमएस पाठवण्याचं जे बोलणं झालं, ते या टप्प्यात नाही. त्याचा अंदाज वेगळा पाठवतो.

त्या दोन पिवळ्या ओळी मी मुद्दाम वर आणल्या. मुनीमजींना त्या पावत्यांवर सापडल्याच असत्या, आणि मग उरलेल्या १४१ वरही शंका आली असती. एसएमएसचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं. बोलता बोलता मागितलेली गोष्ट टप्प्यात आहे की बाहेर, हे होकारापूर्वी लिहिलं नाही तर ती होकाराची अट बनून बसते.

१५ दिवसांचा आकडा मी सूक्ष्म, लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यावरून घेतला. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ती स्वीकारली असं तो कायदा धरतो. हरकत आली तर ती दूर होईल तो दिवस धरतो. पैशासाठी करारात जास्तीत जास्त ४५ दिवस लिहिता येतात. या कायद्याखाली उद्यम नोंदणी असलेल्या माणसाचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत, तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच धरला जाण्याची तरतूद त्याच सुमारास लागू झाली होती. त्यामुळे माझा उद्यम नंबर बिलावर बघून सीएंनी स्वतःच मुदत विचारली. कायद्यात उशिराबद्दल व्याजही आहे, पण एका गावात राहून ते कुणी मागत नाही. मीही मेलमध्ये कधी लिहिलं नाही. नंबर छापलेला असला की पुरतं.

मुनीमजींनी २८ ऑगस्टला ‘टप्पा २ मान्य’ लिहिलं. बिल त्याच दिवशी गेलं:

> विषय: टप्पा २ मान्य – बिल २४-२५/०७ – देय ६ सप्टेंबर
>
> आप्पा, नमस्कार.
> मुनीमजींच्या आजच्या मेलप्रमाणे टप्पा २ पूर्ण झाला. बिल सोबत जोडलं आहे.
> टप्पा २ ची रक्कम १,५०,०००
> जीएसटी १८ टक्के २७,०००
> एकूण १,७७,०००
> वजा टीडीएस, १,५०,००० वर १० टक्के: १५,०००
> बँकेत जमा करायची रक्कम १,६२,०००
> आजपर्यंत मान्य: टप्पा १ आणि २, मिळून २,७०,०००. बाकी टप्पे ३ ते ५, मिळून ३,३०,००० (जीएसटी वेगळा).
> पुढचं काम: टप्पा ३, गोदाम. त्यासाठी गोदामातल्या शिल्लक मालाची यादी लागेल.

करारात दहा दिवसांची मुदत होती, पण ७ तारखेला गणेश चतुर्थी आणि त्यापुढे घराघरात महालक्ष्म्या. त्या दिवसांत बँकेचं काम कोण करणार? म्हणून आप्पांना विचारूनच ६ लिहिली. ‘दहा दिवसांत’ यापेक्षा कॅलेंडरवरची तारीख बरी.

टीडीएसची ओळ मी घालतो, कारण वाद तिथंच होतो. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस त्यावर कापायचा नसतो. प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१७ चं परिपत्रक आहे तसं. एकूण रकमेवर कापला असता तर १७,७०० गेले असते आणि जादाचे २,७०० परत मिळवायला विवरणपत्रापर्यंत थांबावं लागलं असतं. बँकेत नेमकं किती जमा करायचं ते लिहिलेलं असलं की मुनीमजी तेवढेच टाकतात. १,६२,००० आले, ५ तारखेलाच.

तिसरा टप्पा मात्र अडकला. प्रोग्रॅम तयार होता, पण गोदामातला जुना साठा मोजल्याशिवाय तो चालवून बघता येत नव्हता आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीन सुरू झालं. “आता पोती कोण मोजायलंय, हंगाम होऊ द्या की,” मुनीमजी म्हणाले, आणि त्यांचंही खरंच होतं. होकाराशिवाय बिल नाही ही अट मीच घातलेली. १५ दिवसांचं मौनही इथं उपयोगाचं नव्हतं, कारण तपासायलाच काही दिलेलं नव्हतं. तेव्हा मेलवरूनच टप्पा फोडला. ३-अ म्हणजे नमुन्याच्या २० थप्प्यांवर प्रोग्रॅम चालवून दाखवणं, १,१०,०००. ३-ब म्हणजे पूर्ण साठा भरून झाल्यावर ४०,०००, ज्याची तारीख मोजणीवर अवलंबून. आप्पांनी “चालेल” असं उत्तर दिलं. ते एका शब्दाचं उत्तर मी करारासोबत छापून ठेवलं, कारण टप्प्याची व्याख्या बदलली की बिलाची तारीखही बदलते. ३-अ चं बिल दिवाळीआधी झालं. ३-ब साठी तुरीची आवक वाढण्याआधीची, डिसेंबरची सवड मिळाली. मोठी रक्कम ३-अ ला ठेवली, कारण ते काम माझ्या हातातलं होतं, मोजणी मिलची.

शेवटच्या ६०,००० पुढे मी ‘समाधानकारक चालल्यावर’ असं लिहू दिलं नाही. समाधानाला तारीख नसते. ‘सलग ३० दिवस रोजची आवक आणि विक्रीबिलं याच प्रोग्रॅमवर’ असं लिहिलं, आणि त्या ३० दिवसांचा रोजचा अहवाल प्रोग्रॅमच काढून देत होता. मार्चच्या सुरुवातीला ते बिलही मान्य झालं.

पुढे जूनमध्ये माझ्या पॅनवर जमा झालेला टीडीएस दाखवणारा फॉर्म २६एएस उघडला, तेव्हा ६ लाखांवर कापलेले ६०,००० दिसायला हवे होते, दिसले ४८,०००. चौथ्या टप्प्याचे १२,००० भरलेले होते, पण सीएंच्या टीडीएस विवरणपत्रात माझा पॅन चुकीचा टाइप झाला होता. टप्प्यागणिक बिल आणि कपातीचा आकडा एकाच मेलमध्ये असल्यामुळे कोणता व्यवहार शोधायचा हे सांगायला दोन ओळी पुरल्या. सीएंनी विवरणपत्र दुरुस्त केलं आणि रक्कम दिसायला लागली.